तिसऱ्या द्रावणाचा पीएच

बाहेरगावी परीक्षक म्हणून जायचं असलं की मी आदल्या दिवशी यादी करते. नेमणुकीचं पत्र, लाल पेन दोन, पेन्सिल, कॅल्क्युलेटर, चष्म्याची जादा जोडी, पाण्याची बाटली, डबा. डबा यासाठी की यजमान कॉलेजचं जेवण जड असतं आणि जेवल्यावर मला गुण सढळ हाताने द्यावेसे वाटतात. त्या वर्षी जळगावच्या एका कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती. धुळ्याहून सकाळी सहाच्या एसटीने निघाले आणि साडेनऊच्या आत प्रयोगशाळेत पोहोचले.

बॅच बारा जणांची होती. प्रत्येकाला एक मोठा आणि एक लहान प्रयोग होता. मोठा असा: क्लोरोॲसिटिक ॲसिडची तीन द्रावणं करायची, ०.१, ०.०१ आणि ०.००१ मोलर. म्हणजे प्रत्येक द्रावण आधीच्यापेक्षा दहा पट पातळ. तिन्हींचा पीएच आधी सूत्राने काढायचा, मग मीटरवर मोजायचा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहायचे. पीएच जितका कमी तितकं द्रावण जास्त आम्लधर्मी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं सगळं समजेल.

या प्रयोगाबद्दल मला थोडा अभिमान होता. पूर्वी तो साध्या ॲसिटिक ॲसिडवर असायचा. त्याचे आकडे मुलांना तोंडपाठ झाले होते, वरच्या वर्गाच्या जर्नलमधून खालच्या वर्गात उतरत यायचे. प्रयोगांची पुस्तिका ठरवणाऱ्या समितीत मी होते. मीच सुचवलं की ॲसिड बदला, म्हणजे जुने आकडे निकामी होतील आणि मुलांना मीटर बघावाच लागेल. सगळ्यांनी मान डोलावली. नमुना उत्तरपत्रिका आणि गुणांचा तक्ताही मीच करून दिला. त्यात मी एक अटही घातली होती: मोजलेला आकडा गणितातल्या आकड्यापासून पाच शतांशापेक्षा जास्त लांब असेल, तर त्या द्रावणाचे गुण देऊ नयेत.

दुसरी माझी सवय अशी की गुणपत्रकावर सह्या होईपर्यंत कुणाचंही द्रावण ओतू द्यायचं नाही. बारा जणांचे छत्तीस फ्लास्क आसनक्रमांकाच्या चिठ्ठ्या लावून मागच्या ओट्यावर रांगेने ठेवायला लावले. यजमान कॉलेजचे अंतर्गत परीक्षक, ज्यांना मी सर म्हणत होते, ते हसून म्हणाले, "मॅडम, तुम्ही परीक्षा घ्यायला आलात की पंचनामा करायला?" मी म्हटलं, दोन्हीला लागणारा कागद सारखाच असतो.

दीड वाजता उत्तरपत्रिका गोळा झाल्या. डबा खाता खाता चाळल्या. पहिलीत मोजलेले आकडे: १.९३, २.४३, २.९३. दुसरीत १.९४, २.४३, २.९३. तिसरीत १.९३, २.४४, २.९२. अकरा उत्तरपत्रिका अशाच. गणिताचं उत्तर १.९३, २.४३, २.९३ आणि मोजलेलं जवळजवळ तेच. बारावी उत्तरपत्रिका एका मुलीची होती. गणित इतरांसारखंच, पण मोजलेले आकडे १.९७, २.५२ आणि ३.१८.

माझा पहिला संशय अर्थातच तिच्यावर गेला. पीएच वर सरकलाय म्हणजे ॲसिड कमी पडलंय. शिवाय फरक पायरीपायरीने वाढत होता. पहिल्या द्रावणात चार शतांश, दुसऱ्यात नऊ, तिसऱ्यात पंचवीस. मापाची काचनळी, म्हणजे पिपेट, नीट न धरता पातळ करत गेलं की पहिली चूक दुसऱ्यात उतरते, दुसरीतली तिसऱ्यात, आणि ती फुगत जाते. मी त्याच सूत्राने उलटं गणित मांडून पाहिलं. तिच्या तिसऱ्या फ्लास्कमध्ये हवं त्याच्या एक तृतीयांशही ॲसिड नव्हतं. निष्काळजीपणाचा एवढा स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो. मी तिच्या क्रमांकापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.

तिची अडचण एवढीच नव्हती. लहान प्रयोग तिने अर्ध्यावरच सोडला होता. मोठ्या प्रयोगात दोन द्रावणांचे गुण गेले असते तर ती सरळ नापास होती. सरांनीच सांगितलं की मुलगी असोद्याची आहे, रोज बसने येते, एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये तिला नोकरी ठरलीय, जूनमध्ये निकाल दाखवायचाय. सांगून झाल्यावर म्हणाले, "पण काय करणार. तक्ता तुमचाच आहे."

जेवणानंतर तोंडी परीक्षा. ती सातवी आली. मी तिचं जर्नल उघडून ठेवलं होतं. वर्षभरातल्या सरावाच्या त्या पानावरही १.९३, २.४३, २.९३ असंच होतं. मला वाटलं, सापडली.

"जर्नलमध्ये २.९३ आहे. आज ३.१८ कसं आलं?"

"जर्नलमधलं ग्रुपचं आहे, मॅडम."

"म्हणजे?"

"सहा जणांत एक मीटर. मला मीटरपाशी उभं राहायला जागा नव्हती मिळाली. सांगितलं ते लिहिलं."

"आणि आज?"

"आज एकटीने बघितलं. ३.१८ आलं. सगळं ओतून परत केलं. परत ३.१७. अजून एकदा केलं. तिन्ही वेळा तेच. मग म्हटलं, माझंच चुकतंय, तर जे चुकतंय तेच लिहू."

लहान प्रयोग अर्धा का राहिला त्याचं उत्तर मला तिथेच मिळालं, पण माझा विश्वास बसला नाही. तीन वेळा केलं असं म्हणायला काही लागत नाही. सरांनी तिला जायला सांगितलं आणि माझ्याकडे बघून खांदे उडवले. बोलण्यात हुशार आहे, एवढंच ते म्हणाले.

पाण्याचा जग भरायला प्रयोगशाळेतले परिचर आले. पन्नाशी ओलांडलेले, सगळे त्यांना नाना म्हणत. ते दिवसभर काचसामानाच्या कपाटापाशी होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं की त्या मुलीने पिपेट किती वेळा नेली. नानांनी आधी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"त्या पोरनी तीन डाव मांगी, मॅडम. बाकीनास्नी एकच डाव."

तीन वेळा मागितली, बाकीच्यांनी एकदाच. नाना कुणाच्या बाजूने बोलत नव्हते, कपाटातलं काय बाहेर गेलं आणि काय परत आलं ते त्यांना ठाऊक असतं, एवढंच. पण माझा संशय तिथून हलला, आणि हललेला संशय मोकळा राहिला की मला बसवत नाही. उरलेल्या तोंडी परीक्षा उरकल्या, वही काढली आणि यादी केली. कशात चूक असू शकते: १. मुलगी. २. मीटर. ३. डिस्टिल्ड वॉटर. ४. बाटलीतलं ॲसिड. हे ॲसिड हवेतला ओलावा ओढून घेतं, बाटली नीट बंद नसेल तर वजन करताना पाणीही तोललं जातं. पाचवा आकडा लिहून पुढे काही सुचलं नाही, म्हणून खोडला.

सर म्हणाले, चहा मागवू का. मी म्हटलं, मागवा, आणि मला ब्युरेट द्या.

मीटर आधी. ४ आणि ७ पीएचच्या तयार प्रमाण द्रावणांत बुडवून पाहिला. ४.०१ आणि ६.९९. मीटर निर्दोष. मग त्या मुलीच्या तिसऱ्या फ्लास्कमध्ये बुडवला. ३.१८. म्हणजे तिने पाहिलं ते खरंच पाहिलं होतं. नुसत्या पाण्यात घालून पाहिला, पाण्यातही काही खोट नव्हती.

मग उरलं तिचं द्रावण पातळ आहे का. त्याला पीएच विचारण्यात अर्थ नाही, त्याला सरळ सोडा विचारावा लागतो. ॲसिड द्रावणात मोकळं झालेलं असो वा नसो, कॉस्टिक सोडा सगळ्याला गाठून उदासीन करतो. म्हणून किती सोडा लागला त्यावरून एकूण ॲसिड कळतं. ब्युरेटमध्ये, म्हणजे मापाच्या उभ्या नळीत, सोडा भरला आणि तिच्या दुसऱ्या फ्लास्कमधून दहा मिलिलिटर घेतलं. ०.०१ मोलर सोडा दहा मिलिलिटर लागायला हवा होता. उदासीन झाल्याचा गुलाबी रंग ९.९ वर आला. तिसऱ्या फ्लास्कमधून पन्नास घेतले, पाच लागायला हवे होते, ५.१ लागले. तेवढं हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं चालतं. ॲसिड जितकं हवं तितकं होतं. एक तृतीयांश वगैरे काही नव्हतं. मुलीच्या हाताला मी आयुष्यात पाहिलेल्या बऱ्याच प्राध्यापकांपेक्षा जास्त नेम होता.

ब्युरेट धुताना मला ओट्यावरची रांग दिसत होती. छत्तीस फ्लास्क. मीटर चालूच होता.

मी तिच्या शेजारच्या क्रमांकाचा तिसरा फ्लास्क घेतला. उत्तरपत्रिकेत २.९३ लिहिलेला. मीटर म्हणाला ३.१६. पुढचा घेतला, ३.१९. त्याच्या पुढचा, ३.१७. नाना प्रत्येक वेळी इलेक्ट्रोड धुऊन देत होते. पाचव्या फ्लास्कनंतर त्यांनी मला पुढचा स्वतःहून काढून दिला.

अकराच्या अकरा जणांनी मीटरवर ३.१७च्या आसपास पाहिलं होतं आणि कागदावर २.९३ लिहिलं होतं. दिवसभर मी ज्या मुलीकडे संशयाने पाहत होते ती सोडून सगळे. आणि लिहितानाही अक्कल वापरली होती. कुणी २.९२, कुणी २.९४, म्हणजे नक्कल दिसू नये. याला आमच्याकडे रीडिंग जुळवणं म्हणतात. आधी गणित करायचं, मग मीटरकडे बघायचं, आणि मीटर ऐकत नसेल तर त्याच्या वतीने आपण लिहायचं.

सर दारात उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. म्हणाले, "मॅडम, रीडिंग सगळेच जुळवतात. आपण शिकत होतो तेव्हा आपणही जुळवली." मग जरा खालच्या आवाजात सुचवलं की त्या मुलीला हवे तेवढे गुण देऊन टाकू, बाकीचं आहे तसं राहू दे. मी ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण माझं लक्ष दुसरीकडे होतं. बारा फ्लास्क एकच गोष्ट सांगत होते आणि मीटर बरोबर होता. मग चूक कुठे होती? मी वही उघडून ती खोडलेली पाचवी ओळ पाहिली. तिथे एकच नाव राहिलं होतं, म्हणून मी नमुना उत्तरपत्रिका समोर घेतली. ती माझीच होती.

त्यातलं सूत्र सोपं आहे आणि म्हणूनच सगळ्यांना आवडतं. पीएच म्हणजे पीकेएतून सांद्रतेचा, म्हणजे मोलरच्या आकड्याचा, लॉग वजा करा आणि निम्मा घ्या. या ॲसिडचा पीकेए, म्हणजे ते किती सौम्य आहे त्याचा आकडा, २.८५. ०.१ चा लॉग उणे १, म्हणून पहिल्या द्रावणासाठी २.८५ अधिक १, त्याचा निम्मा १.९३. पुढच्यासाठी अर्ध्याने वर, २.४३. त्याच्या पुढे आणखी अर्ध्याने, २.९३. जिन्याच्या पायऱ्यांसारखं.

पण ही निम्म्याची सोय फुकट मिळत नाही. सौम्य ॲसिडाचे थोडेच रेणू पाण्यात फुटतात आणि हायड्रोजन आयन देतात. बाकीचे जसेच्या तसे राहतात. फुटणारे इतके थोडे असतील की न फुटलेलं ॲसिड मूळ जेवढं टाकलं तेवढंच धरलं तरी चालेल, तरच हे सूत्र वापरता येतं. शंभरात पाचपर्यंत फुटत असतील तर चालतं, असा साधारण दंडक आहे. मी तो दर वर्षी फळ्यावर लिहिते. तो तपासायला अर्धं मिनिट लागतं: उत्तरातले हायड्रोजन आयन काढा आणि मूळ ॲसिडशी त्यांचं प्रमाण बघा.

मी अर्धं मिनिट घेतलं. पहिल्या द्रावणात शंभरात बारा. म्हणजे तिथेच सूत्राला परवानगी नव्हती. दुसऱ्यात सदतीस. तिसऱ्यात शंभरात एकशे अठरा.

मला वाटलं कॅल्क्युलेटरवर बोट घसरलं. पुन्हा केलं. एकशे अठरा. म्हणजे बारा विद्यार्थी वर्गात बसवले आणि बाहेर पडताना चौदा मोजले. ०.००१ मोलर ॲसिड पूर्णच्या पूर्ण फुटलं, अगदी हायड्रोक्लोरिकसारखं, तरी पीएच ३.०० च्या खाली येऊच शकत नाही. माझं उत्तर २.९३ होतं. ते कुठल्याही फ्लास्कमध्ये, कुठल्याही हाताने, कुठल्याही मीटरवर दिसणं शक्य नव्हतं. आणि अकरा जणांनी ते पाहिल्याचं लिहून दिलं होतं.

मग मी तेच गणित सोय न घेता मांडलं. फुटलेले रेणू मूळ ॲसिडमधून वजा करायचे, वर्गसमीकरण सोडवायचं. दोन ओळी जास्त लागतात. उत्तरं आली १.९५, २.५१ आणि ३.१७. त्या मुलीचे आकडे १.९७, २.५२, ३.१८. माझ्या पाच शतांशांच्या अटीत तिन्ही बसत होते.

हे कसं झालं तेही मला कळलं. जुन्या ॲसिटिक ॲसिडचा पीकेए ४.७४. ते फारच सौम्य असतं. पहिल्या द्रावणात शंभरात एक-दीड फुटतं, दुसऱ्यात चार. तिथे निम्म्याचं सूत्र चालत होतं. तिसऱ्यात तेरा होतात, तिथे खरं तर चालत नव्हतं, पण फरक जेमतेम तीन शतांशांचा पडायचा, मीटरच्या चुकीत खपून जायचा. मी ॲसिड बदललं तेव्हा जुन्या उत्तरपत्रिकेत फक्त पीकेएचा आकडा बदलला. सूत्र तसंच ठेवलं. मुलांनी नक्कल करू नये म्हणून केलेल्या बदलात मी स्वतः जुन्या कागदाची नक्कल केली होती. आणि त्यानंतर किती वर्षं किती कॉलेजांत किती जणांनी ती जुळवली, याची यादी माझ्याकडे नव्हती.

सरांना मी कागद दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन तो ओळीओळीने वाचला. तेही दर वर्षी हाच प्रयोग घेत होते. शेवटी म्हणाले की बाई, हे आपण दोघांनी पाहिलं, समितीला पुढच्या वर्षी शांतपणे सुचवता येईल. आत्ता लिहिलंत तर पहिली चौकशी तुमची, दुसरी माझी, आणि तिसरी या अकरा पोरांची. मी विचारलं, पोरांची कसली? ते म्हणाले, खोटं रीडिंग लिहिल्याची. त्यात चुकीचं काही नव्हतं. खोटं त्यांनी लिहिलं होतंच. पण खोट्याला बक्षीस देणारा तक्ता मी लिहिला होता, हेही होतंच.

शेवटी आम्ही मुलांना परत आत बोलावलं. सगळे बाहेर बाकांवर कुजबुजत बसले होते, दुपारभर त्यांना वास लागलाच होता. मी प्रत्येकाला एक कोरा कागद दिला. म्हटलं, गणित करायचं नाही. आपापले तीन फ्लास्क घ्या, मीटरवर बघा आणि दिसेल ते लिहा. मी आणि नाना मीटरपाशी उभे राहिलो. रांगेत पहिला एक उंच मुलगा होता. त्याने मीटर पाहिला, कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं.

"लिही," मी म्हटलं.

"मॅडम, हे जुळत नाहीये."

"जुळायला नकोच आहे."

त्याने ३.१६ लिहिलं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "आता याच्यातबी जुळवायचं का काय?" आणि चार-पाच जण हसले. मला राग आला नाही. प्रश्न बरोबर होता.

साडेचारपर्यंत बारा कागद माझ्याकडे आले. तिसऱ्या द्रावणाचे आकडे ३.१५ पासून ३.२० पर्यंत पसरलेले. दिवसभरात पहिल्यांदा ते कागद मला खरे वाटले, कारण ते एकमेकांसारखे नव्हते. एका मुलाचा पहिला फ्लास्क २.०८ दाखवत होता. पुढच्या द्रावणासाठी काढून घेतल्यावर त्यात खरंच पाणी गेलं होतं, आणि सकाळी त्यानेही १.९३ लिहिलं होतं. त्याचे त्या एका द्रावणाचे गुण गेले. गणिताचे गुण आम्ही सगळ्यांना पूर्ण दिले, कारण सूत्र पुस्तिकेनेच दिलेलं होतं. मोजमापाचे गुण दुपारच्या कागदावरून, नव्या गणिताशी ताडून दिले. सरांनी सही करताना पेन दोनदा झटकलं, पण केली. खाली मी स्वतंत्र ओळ लिहिली की नमुना उत्तरातलं सूत्र या सांद्रतांना लागू नाही, आणि नमुना उत्तर मी तयार केलेलं आहे. ती मुलगी अर्ध्या लहान प्रयोगासकट पास झाली, काठावर नाही, चांगली वर.

गुण सांगता येत नाहीत. मी सामान आवरून निघाले तेव्हा ती जिन्याच्या तोंडाशी उभी होती. असोद्याची बस सुटायच्या बेतात असणार, तरी थांबली होती.

"मॅडम, माझं डायल्यूशन बरोबर होतं का?"

"बरोबर होतं."

"मग चुकलं काय?"

मी सांगितलं की सूत्र चुकलं, आणि ते का चालत नाही ते तिथेच जिन्यावर, बारा जणांतून चौदा बाहेर पडल्याचं उदाहरण देऊन सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मान हलवली. मग विचारलं, "म्हणजे मागच्या वर्षीच्यांचंही?" मी हो म्हटलं. ती बस पकडायला पळाली.

परतीच्या एसटीत पारोळ्यापर्यंत मी तोच प्रश्न घोळवत होते. मागच्या वर्षी, त्याच्या आधीच्या वर्षी, माझ्याच धुळ्याच्या कॉलेजात. मी ज्या ज्या वेळी गुण कापते त्या वेळी क्रमांक आणि कारण एका वहीत लिहून ठेवते. कुणी तक्रार घेऊन आलं तर समोर ठेवता यावं म्हणून. आजवर ती वही दुसऱ्या कशासाठी उघडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात गेल्या गेल्या आधी समितीला पत्र लिहिलं. मग वही काढली. चार वर्षं मागे जाऊन सापडलं. सरावाच्या परीक्षेतली एक नोंद, माझ्याच अक्षरात: तिसरं द्रावण ३.१६, डायल्यूशन निष्काळजी, चार गुण कमी. पुढे क्रमांक. प्रवेशाच्या रजिस्टरवरून नाव काढलं. मुलगा पिंपळनेरचा होता, आठवला. मागच्या बाकावर बसायचा, फार बोलायचा नाही. रजिस्टरमधला फोन नंबर त्याच्या वडिलांचा होता, त्यांनी मुलाचा दिला. आता त्याचं खतांचं दुकान आहे, असं म्हणाले.

मी त्याला सगळं सांगितलं. तुझं ३.१६ बरोबर होतं, चूक माझी होती, चार गुण आता परत देता येत नाहीत, पण तुला कळायला हवं म्हणून फोन केला. पलीकडून दुकानातला आवाज येत होता. कुणीतरी पोत्याचं वजन विचारत होतं.

"असू द्या, मॅडम. मी कधीच विसरलो होतो," तो म्हणाला.

मला बरं वाटलं. फोन ठेवण्याआधी काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं की मुख्य परीक्षेलाही हाच प्रयोग आला होता का. आला होता म्हणाला.

"मग?"

"तेव्हा काय, २.९३ लिहिलं. तुम्ही पैकीच्या पैकी दिले होते."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच तसंच वाटत होतं की मामला तिथेच मिटला. मी वहीत त्याची नोंद शोधली. नव्हती. पूर्ण गुण दिले की कारण लिहिण्याची माझी पद्धत नव्हती.

त्या वर्षापासून वहीत तोही रकाना आखलाय. कापलेल्या गुणांचं कारण डावीकडे, दिलेल्या गुणांचं उजवीकडे. उजवीकडचं भरायला जास्त वेळ लागतो.